आकृती ३ मध्ये नेमकं आहे काय? एका परिच्छेदाचे दोन तुकडे : ऑल्ट टेक्स्ट आणि कॅप्शन

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की ते आलेखाचं प्रकरण लिहून टाका ना, कानानं ऐकताना आकडे निसटतात. म्हणून ही लिखित आवृत्ती. बोलताना जे भरकटलो होतो ते थोडं कापलंय, आणि एपिसोडमध्ये जे आकडे घाईत वाचले ते इथे नीट दिलेत.

प्रकरण असं. माझा एक मित्र एका छोट्या संस्थेत काम करतो. मुलींच्या शिष्यवृत्त्या आणि प्रौढ महिलांचे संध्याकाळचे साक्षरता वर्ग, अशी दोन कामं ती संस्था करते. पैसे कमी पडायला लागले, तेव्हा एक अहवाल तयार झाला. त्याचा रोख साधारण असा होता की देशात स्त्री-पुरुष साक्षरतेतली दरी आता कमी होत चालली आहे, तेव्हा प्रौढ वर्ग बंद करून सगळा पैसा शिष्यवृत्त्यांकडे वळवावा. त्या म्हणण्याचा पाया होता आकृती ३.

समितीत एक ताई आहेत. त्या बघू शकत नाहीत, लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक लावून सगळं वाचतात. वर्षानुवर्षं ते संध्याकाळचे वर्ग त्यांनीच चालवलेत. अहवाल ऐकून त्यांनी मित्राला फोन केला : "अरे, आकृती ३ पाशी माझा कॉम्प्युटर नुसतं 'ग्राफिक' म्हणाला आणि पुढे गेला. त्या ग्राफिकवर मी मत द्यायचं का?"

मित्रानं मला फोन केला. म्हणाला, "आलेखाखाली मी अख्खा परिच्छेद लिहिलाय की. तोच उचलून ऑल्ट टेक्स्टमध्ये टाकतो, झालं." मी म्हटलं, थांब. परिच्छेद पाठव आधी.

परिच्छेद जसा होता तसा

वाक्यांना क्रमांक मी घातलेत, पुढे सोपं जावं म्हणून.

(१) खालील आकृती ३ मध्ये १९५१ ते २०११ या काळातील भारतातील साक्षरतेचे प्रमाण दाखवले आहे. (२) निळी रेषा पुरुषांची तर नारिंगी रेषा स्त्रियांची असून आडव्या अक्षावर जनगणनेची वर्षे व उभ्या अक्षावर टक्केवारी आहे. (३) १९५१ मध्ये पुरुषांची साक्षरता २७.१६ टक्के तर स्त्रियांची अवघी ८.८६ टक्के होती. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ८२.१४ व ६५.४६ टक्के झाले. (४) दोन्ही रेषा सतत वर जात असल्या तरी त्यांमधील अंतर १९८१ पर्यंत वाढत गेले व त्यानंतर झपाट्याने मिटत आले आहे. (५) मुलींच्या शिक्षणासाठीच्या विविध योजनांचा हा परिणाम होय. (६) १९७१ पर्यंतचे आकडे ५ वर्षे व त्यावरील, तर १९८१ पासूनचे ७ वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. (७) १९८१ मध्ये आसाम व १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरचा समावेश नाही. (८) स्रोत : भारताची जनगणना.

वाईट नाहीये परिच्छेद. सरकारी अहवालांत यापेक्षा कितीतरी भयंकर वाचलेत मी. पण एकाच पोत्यात चार प्रकारचं धान्य भरलंय. ते वेगळं केल्याशिवाय ना कॅप्शन होईल ना ऑल्ट टेक्स्ट.

आधी दोघांतला फरक

कॅप्शन म्हणजे आकृतीखालची ओळ. ती सगळ्यांना असते. डोळ्यांनी बघणारा वाचतो, स्क्रीन रीडर वापरणारा ऐकतो. ऑल्ट टेक्स्ट आकृतीच्या पोटात लपलेलं असतं, ते पानावर दिसत नाही. ज्याला चित्र दिसत नाही त्याला ते चित्राच्या जागी मिळतं. वेबपेजवर चित्र लोड झालं नाही तर चित्राच्या चौकटीत तेच उमटतं, हे स्लो नेटवर्कवर तुम्ही पाहिलं असेल.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, ताईंना दोन्ही ऐकू येणार, एकापाठोपाठ एक. त्यामुळे तेच वाक्य दोन्हीकडे टाकलं तर त्यांना तेच दोनदा ऐकावं लागतं. मित्राचा पहिला विचार तोच होता : परिच्छेद खालीही ठेवायचा आणि ऑल्टमध्येही चिकटवायचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑल्ट टेक्स्ट बघणाऱ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे असं काही ठेवायचं नाही जे सगळ्यांना कळायला हवं. आणि असंही काही घुसवायचं नाही जे चित्रात नाहीच.

लांबीबद्दल लोक मला सारखे विचारतात. १२५ अक्षरांचा एक आकडा इंटरनेटवर फिरत असतो. वेबच्या सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत, त्यांत अक्षरांची अशी मर्यादा नाही. त्यांची अपेक्षा एवढीच की चित्र जे काम करतं तेच काम मजकुरानं करावं. पण लांबीला व्यवहारातली एक मर्यादा आहेच. ऑल्ट टेक्स्ट हा एक सलग गोळा असतो. त्यात ना परिच्छेद, ना मथळे, ना तक्त्याच्या रांगा-रकाने. तक्त्यात ताई एकेका खान्यावर जाऊन थांबू शकतात, ऑल्टमध्ये तसं थांबायला जागाच नसते. म्हणून दोन ते चार वाक्यं, आणि बारीकसारीक आकडे बाहेर तक्त्यात. माझा हिशेब हा असा आहे.

वाक्य घ्यायचं आणि विचारायचं : तू कुणासाठी?

वाक्य (१). "खालील आकृतीत दाखवले आहे" हे गेलंच, कारण आकृती दाखवण्यासाठीच असते. विषय, देश आणि काळ राहिले. ते कॅप्शनचे.

वाक्य (२). निळी-नारिंगी ताईंच्या उपयोगाची नाही. आणि खरं सांगायचं तर बघणाऱ्यांच्याही फारशी नाही, कारण समितीनं अहवाल ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढला तर दोन्ही रेषा करड्याच दिसणार. यावर उपाय चित्रातच करायचा. रेषेच्या टोकाशी "पुरुष" आणि "स्त्रिया" असं लिहून टाकायचं, रंगांची सूची काढून टाकायची. मित्राकडून ते करून घेतलं. अक्षांचं वर्णनही नको. "टक्के" हा शब्द आकड्यासोबत आला की उभा अक्ष कळतो, साल आलं की आडवा. उरलं फक्त "रेषांचा आलेख", ते ऑल्टमध्ये. ते मात्र हवं, कारण रेषा म्हटलं की काळानुसार बदल, हे ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. "चित्र" किंवा "इमेज" हा शब्द लिहू नका. स्क्रीन रीडर ते स्वतःच सांगतो, मग "ग्राफिक, आलेखाचे चित्र" असं विचित्र ऐकू येतं.

वाक्य (३). इथे सुरुवात आणि शेवट आहे, म्हणजे आलेखाचा आकार. ऑल्टचा ऐवज. पण इथेच आम्ही अडकलो.

ऑल्ट लिहायचं म्हणून मी आलेखाची शेवटची टोकं बघितली, तर पुरुषांची रेषा ८१ च्या आसपास थांबत होती. परिच्छेद म्हणतोय ८२.१४. मित्र म्हणाला, "अरे, एक टक्का इकडे-तिकडे." एक टक्का कसा इकडे-तिकडे होईल? शोधल्यावर कळलं की ८२.१४ आणि ६५.४६ हे २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे, जे मोजणीनंतर लगेच जाहीर झाले होते. अंतिम आकडे नंतर आले : पुरुष ८०.८९, स्त्रिया ६४.६४. आलेख अंतिम आकड्यांवरून काढलेला आणि परिच्छेद कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललेला. परिच्छेद जसाच्या तसा ऑल्टमध्ये गेला असता, तर ताईंनी एक आलेख ऐकला असता आणि बाकीच्यांनी दुसराच बघितला असता. बैठकीत कुणालाही कळलं नसतं.

म्हणून माझा नियम असा आहे की ऑल्ट टेक्स्ट परिच्छेदावरून लिहायचं नाही. परिच्छेद फक्त शब्दांसाठी हाताशी ठेवायचा, आकडे आलेखाच्या मागच्या शीटमधून घ्यायचे.

वाक्य (४). हा सगळ्या अहवालाचा कणा. मी मित्राला म्हटलं, ती शीट उघड आणि शेवटी "अंतर" असा एक रकाना वाढव. हे निघालं :

| जनगणना | पुरुष (टक्के) | स्त्रिया (टक्के) | अंतर |
|---|---|---|---|
| १९५१ | २७.१६ | ८.८६ | १८.३० |
| १९६१ | ४०.४० | १५.३५ | २५.०५ |
| १९७१ | ४५.९६ | २१.९७ | २३.९९ |
| १९८१ | ५६.३८ | २९.७६ | २६.६२ |
| १९९१ | ६४.१३ | ३९.२९ | २४.८४ |
| २००१ | ७५.२६ | ५३.६७ | २१.५९ |
| २०११ | ८०.८९ | ६४.६४ | १६.२५ |

बघा, "१९८१ पर्यंत वाढत गेले" हे बरोबर नाही. मोठी उडी १९५१ ते १९६१ मध्येच आहे, मग १९७१ ला अंतर जरा कमी झालं, मग १९८१ ला सर्वांत जास्त. "१९८१ मध्ये सर्वांत जास्त" एवढंच खरं.

आणि "झपाट्याने मिटत आले आहे"? १९५१ ला अंतर १८.३० होतं, २०११ ला १६.२५. म्हणजे साठ वर्षांच्या दोन टोकांत फरक फक्त दोनेक अंकांचा! मधे तंबू वर गेला आणि खाली आला. १९८१ पासून बघितलं तर उतार चांगला आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण "मिटत आले" हा शब्द आलेखात कुठे दिसत नाही. बघणारा माणूस परिच्छेद वाचून वर नजर टाकतो, रेषांच्या मधली मोकळी जागा बघतो आणि स्वतः ठरवतो. ताईंकडे ती मोकळी जागा नाही. त्यांच्यासाठी आमचा शब्द हाच आलेख. तिथे "मिटत आले" लिहिणं म्हणजे त्यांच्या वतीनं आपणच निकाल देऊन टाकणं. म्हणून ऑल्टमध्ये विशेषण नाही, तीन सालं आणि तीन अंतरं.

जाता जाता एक. हे अंतर "१६ टक्के" असं लिहू नका. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी, असा त्याचा अर्थ निघतो, आणि तो चुकीचा आहे. ८०.८९ च्या मानानं ६४.६४ हे जवळपास २० टक्क्यांनी कमी आहे. दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी असेल तर "टक्केवारीतलं अंतर १६ अंक" असं म्हणावं. मराठीत यासाठी एकच पक्का शब्द रुळलेला नाही, मी "अंक" वापरतो आणि पहिल्यांदा येतो तिथे "टक्केवारीतलं" जोडतो.

वाक्य (५). "योजनांचा परिणाम होय." हे आलेखात आहे का? नाही. रेषा वर गेली हे आलेख सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. हे लेखकाचं मत आहे, त्याची जागा अहवालाच्या मजकुरात, सगळ्यांच्या समोर, म्हणजे ज्याला वाद घालायचा त्याला घालता येईल. ऑल्टमध्येही नाही, कॅप्शनमध्येही नाही. मित्रानं ते मजकुरात ठेवलं आणि "होय" चं "असू शकतो" केलं.

वाक्य (६). आता खरी गंमत. मित्राला हे वाक्य नुसती तळटीप वाटत होतं, तो म्हणाला उडवून टाकूया, कॅप्शन लांब होतं. मी म्हटलं, सगळं उडव, हे ठेव.

कारण बघा. १९९१ च्या जनगणनेपासून ७ वर्षांखालच्या मुलांना साक्षरतेच्या मोजणीतून वगळायचं ठरलं, आणि तुलना करता यावी म्हणून १९८१ चे आकडेही त्याच पद्धतीनं दिले जातात. त्याआधीचे आकडे ५ वर्षांपासूनच्या लोकांचे. आता ५ आणि ६ वर्षांच्या मुलांमध्ये वाचता-लिहिता येणारी थोडीच. ती मुलं हिशेबातून बाहेर काढली की कुणी नवीन माणूस शिकला नाही तरी टक्केवारी वर सरकते. म्हणजे १९७१ ते १९८१ च्या चढात थोडा भाग मोजपट्टी बदलल्याचा आहे. आणि आमचं "१९८१ ला अंतर सर्वांत जास्त" हे वाक्य नेमकं त्याच सांध्यावर बसलंय. आलेखात मात्र रेषा सलग आहे, सांधा दिसत नाही.

म्हणजे हे बघणाऱ्यालाही दिसत नाही. जे चित्रात नाही पण चित्र समजायला सगळ्यांना लागतं, त्याची जागा कॅप्शन. ऑल्टमध्ये टाकलं असतं तर उलटंच झालं असतं : ताईंना कळलं असतं, बाकी समितीला नाही. मित्राला सुचवलं की आलेखात १९७१ आणि १९८१ च्या मधे एक उभी तुटक रेषाही काढ. त्यानं काढली.

वाक्य (७) आणि (८) पटकन उरकतो. दोन्ही कॅप्शनमध्ये, शेवटी. स्रोत ऑल्टमध्ये लिहायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडा. स्रोत सगळ्यांना हवा असतो.

शेवटी काय उरलं

पहिला मसुदा मित्रानं लिहिला. ऑल्ट होतं : "साक्षरतेचा आलेख." याला मी दारावरची पाटी म्हणतो, आत काय आहे ते कळत नाही. दुसऱ्या मसुद्यात त्यानं सातही जनगणनांचे चौदा आकडे ओळीनं लिहिले. मी ते त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवले. पाचव्या आकड्याला तो म्हणाला, "बास, पहिला विसरलो."

अडकलात तर एक सोपा साचा आहे. डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये काम करणाऱ्या एमी सिझल यांनी तो मांडला : आलेखाचा प्रकार, त्यात कसली माहिती आहे, आणि तो इथे का घातला. शिवाय मूळ माहितीचा दुवा बाहेर मजकुरात. आमचा तिसरा मसुदा साधारण त्याच वाटेनं गेला.

ऑल्ट टेक्स्ट :

"दोन रेषांचा आलेख. १९५१ ते २०११ मध्ये पुरुषांची साक्षरता सुमारे २७ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर आणि स्त्रियांची सुमारे ९ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर जाते. पुरुषांची रेषा प्रत्येक जनगणनेत वर आहे. टक्केवारीतलं अंतर १९५१ मध्ये १८ अंक, १९८१ मध्ये सर्वांत जास्त म्हणजे सुमारे २७ अंक, आणि २०११ मध्ये १६ अंक. सर्व आकडे आलेखानंतरच्या तक्त्यात."

कॅप्शन :

"आकृती ३. भारतातील स्त्री-पुरुष साक्षरता, १९५१ ते २०११. १९७१ पर्यंत वय ५ वर्षे व वर, १९८१ पासून ७ वर्षे व वर. १९८१ मध्ये आसाम, १९९१ मध्ये जम्मू-काश्मीर वगळून. स्रोत : भारताची जनगणना."

कॅप्शनला मथळ्यासारखा निष्कर्ष द्यावा का, यावर आमची अर्धा तास वादावादी झाली. "दरी १९८१ नंतर कमी झाली" असं कॅप्शनमध्ये लिहिणं चूक नाही, वर्तमानपत्रं तसंच करतात आणि वाचकाला ते सोयीचं पडतं. पण इथे त्याच एका वाक्यावर मतदान होणार होतं, म्हणून मी कोरडं कॅप्शन ठेवायला सांगितलं. दुसऱ्या अहवालात मी वेगळं सांगितलं असतं.

ऑल्टमध्ये दशांश गोल केलेत ते मुद्दाम. "सत्तावीस दशांश एक सहा" ऐकताना कान थकतो, आणि नेमका आकडा तक्त्यात आहेच. मात्र गोल करताना आकडे आपसात जुळतात का ते बघा. २७ वजा ९ म्हणजे १८, ८१ वजा ६५ म्हणजे १६. नाही जुळले, तर ऐकणारा तिथेच थांबून तुमच्यावर संशय घेणार. टक्क्याचं चिन्ह न वापरता "टक्के" लिहिलंय आणि दोन सालांमध्ये आडवी रेघ न टाकता "ते" लिहिलंय. ती रेघ काही आवाज गिळून टाकतात आणि मग दोन सालं एकमेकांना चिकटून ऐकू येतात.

फाइलमध्ये घालताना

वर्डमध्ये आलेखावर राइट क्लिक केलं की `View Alt Text` येतं (काही आवृत्त्यांत `Edit Alt Text`). गूगल डॉक्समध्ये चित्र निवडून `Ctrl + Alt + Y`. फोनवर वर्ड असेल तर चित्रावर टॅप करून `Picture` टॅबमध्ये `Alt Text`. कॅप्शनसाठी वर्डमध्ये `References` मधलं `Insert Caption` वापरा. चित्रावर टेक्स्ट बॉक्स ठेवून त्यात कॅप्शन टाइप करू नका, तो बॉक्स वाचनाच्या क्रमात भलतीकडेच जाऊन पडू शकतो. चित्रही `In Line with Text` ठेवा, म्हणजे ते आपल्या कॅप्शनजवळच राहतं.

अहवाल वेबवर टाकायचा असेल तर रचना अशी :

```html
<figure>
  <img src="akruti3.png" alt="दोन रेषांचा आलेख. ...">
  <figcaption>आकृती ३. ...</figcaption>
</figure>
<table> ... </table>
```

त्या पेजला `lang="mr"` असायला हवं. वर्डमध्येही मजकुराची भाषा मराठी करून ठेवा. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि काही वेळा काहीच बोलत नाही.

आणि पीडीएफ. इथे आमची शेवटची माती झाली. मित्रानं सगळं घातलं, पीडीएफ करून ताईंना पाठवली, आणि पुन्हा ऑल्ट गायब. त्यानं प्रिंटमध्ये जाऊन `Microsoft Print to PDF` निवडलं होतं. त्या वाटेनं पानाचं फक्त चित्र जातं म्हणा ना. शीर्षकं, तक्त्याची रचना, ऑल्ट, सगळ्याचे टॅग मागे राहतात. बरोबर वाट अशी : `Save As`, प्रकार `PDF`, मग `Options` मध्ये `Document structure tags for accessibility` वर खूण. झालं की नाही हे कळण्यासाठी ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या `Properties` मध्ये जा, तिथे खाली `Tagged PDF: Yes` दिसलं पाहिजे. `No` दिसलं तर पाठवू नका.

त्यानंतर मी आमची नेहमीची परीक्षा घेतली. मित्राच्या बहिणीनं अहवाल वाचला नव्हता. तिला फोनवर ऑल्ट आणि कॅप्शन ऐकवलं आणि कागदावर आलेख काढायला सांगितला. तिनं दोन चढत्या रेषा काढल्या, मधे रुंद, शेवटी थोड्या जवळ. वर पुरुष, खाली स्त्रिया. साधारण बरोबर. १९७१ च्या पुढे तिनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. "इथे वय बदललं ना?" म्हणाली.

ताईंनी नवीन फाइल ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मित्राला फोन केला. तक्त्यात त्या एकेका ओळीवर गेल्या होत्या. म्हणाल्या, "हे ७ वर्षांपासून सगळ्या वयाचं मोजलंय ना? मग यात आजच्या शाळकरी मुलीपण आहेत आणि माझ्या वर्गातल्या पासष्टीच्या बायकापण आहेत. अंतर कमी झालं ते कुणाचं, मुलींचं की त्यांचं? वयोगटानुसार आकडे आण, मग बोलू."

वर्ग बंद करण्याचा विषय त्या बैठकीत पुढे ढकलला गेला. मित्र आता वयोगटांचे आकडे घेऊन आकृती ४ काढतोय. परवा त्यानं मला मेसेज केला : "ऑल्ट आधी लिहिलं, आलेख नंतर काढतोय."